आरसा, टाक्याची रेघ आणि फळा: एका शिक्षिकेची केस

ही केस एका प्राथमिक शाळेतल्या बाईंची आहे. वय ३१, सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, सिझर होऊन १४ महिने झालेले, बाळ अजून रात्री अंगावर पितंय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि अशाच आणखी एक-दोघींच्या गोष्टी त्यात मिसळल्यात, त्यामुळे ही अमक्या शाळेतली तमकी तर नाही ना असं शोधत बसू नका, सापडणार नाही.

पहिल्यांदा आल्या तेव्हा तक्रार भलतीच होती. "मॅडम, वजन कमी करायचंय पण मोटिव्हेशनच टिकत नाही, त्यासाठी काही काउन्सेलिंग असतं का?" स्वतःच्या शरीराची किळस वाटते असं कुणी दारातून आत येऊन सांगत नाही, डाएट टिकत नाही असं सांगतात, त्यामुळे मी वजनाच्या आकड्यापाशी न थांबता एवढंच विचारलं की सकाळी उठल्यापासून शाळेत पोचेपर्यंत काय काय होतं ते सांगा. त्यात सगळं आलं. बेडरूममध्ये लोखंडी कपाट, त्याच्या दाराला उभा आरसा. शाळेत साडी लागते. परकराची नाडी नेमकी टाक्याच्या रेघेवर बसते, म्हणून ती वर बांधली की पोटाचा खालचा भाग सुटलेला दिसतो आणि खाली बांधली की टोचते. निऱ्या खोचल्या की बाजूने वळून बघायचं, पोट दोन्ही हातांनी आत दाबून बघायचं, सोडून बघायचं, मग साडी सोडून परत नेसायची. कधी कधी तिसऱ्यांदा. खाली नवरा गाडी चालू करून हॉर्न वाजवतोय, बाळ सासूबाईंकडे रडतंय, आणि डोक्यात चाललंय "पोत्यासारखं दिसतंय", "घाण", "वर्गात पोरं हसत असतील".

इथून थेट आरशावर उडी मारत नाहीत. आधी काही गोष्टी बघून घ्याव्या लागतात, आणि हा भाग कंटाळवाणा असला तरी गाळायचा नसतो. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आहे का हे बघायला १० प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली असते, त्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो, तो कधीच गाळत नाही. यांचं मन खचलेलं होतं पण तेवढं नाही. खाण्याचं विचारलं: रात्रीची चपाती बंद केलेली, पण उपाशी राहून मग एकदम खूप खाणं, उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या असलं काही नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन डॉक्टरांकडून तपासून घेतलं. आणि एक गोष्ट, जी बऱ्याच जणींच्या बाबतीत राहूनच जाते, ती म्हणजे पोटाच्या स्नायूंची. गरोदरपणात पोटाच्या मधोमध असलेली दोन्ही बाजूंच्या स्नायूंमधली पट्टी ताणली जाते आणि काही जणींची ती फट नंतर पूर्ण मिटत नाही. मग पोट पुढे आलेलं दिसतं, त्यात चरबीचा वाटा असतो पण सगळी चरबीच असते असं नाही. फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, त्यांनी उताणं झोपवून, गुडघे वाकवून, डोकं उचलायला लावून बोटांनी फट मोजली, ती होतीच. या बाई युट्यूबवर बघून रोज सिट-अप्स मारत होत्या आणि प्रत्येक सिट-अपला पोटाच्या मध्ये उंचवटा येत होता, ते ताबडतोब बंद करायला सांगून श्वासाचे आणि खोलच्या स्नायूंचे व्यायाम दिले. म्हणजे "माझ्यात जिद्दच नाही म्हणून पोट जात नाही" हा जो त्यांचा लाडका निष्कर्ष होता त्याला पहिला तडा इथे गेला.

मग एक आठवडा वही. आरशात (किंवा फोनच्या कॅमेऱ्यात, किंवा दुकानाच्या काचेत) बघितलं की चार गोष्टी लिहायच्या: कधी, साधारण किती वेळ, त्याच्या लगेच आधी काय झालं, आणि बघून झाल्यावर आधीपेक्षा बरं वाटलं की वाईट. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कारण माणूस आरशापाशी जातो तो खात्री करून घ्यायला, "आज जरा कमी दिसतंय का बघू" म्हणून, आणि वहीत एकामागून एक ओळ येते ती "जास्त वाईट", "जास्त वाईट". दोन मिनिटं केस विंचरायला उभ्या राहिल्या तिथे मात्र "काही नाही" असं लिहिलेलं. म्हणजे भानगड आरशाची नव्हती, तिथे कशासाठी उभं राहिलोय याची होती.

वहीतून आणखी एक कळलं. मध्यंतरी बहिणीने सल्ला दिला होता की आरशावर जुनी चादर टाकून ठेव, बघूच नकोस. टाकली. तर बघणं फोनवर गेलं, फ्रंट कॅमेरा हातभर अंतरावर धरून खालून पोटाचा फोटो, आणि फोन इतक्या जवळ असला की जे जवळ आहे ते अवाढव्य येतंच, नाक असो नाहीतर पोट. शिवाय चादर टाकल्यामुळे आरसा म्हणजे काहीतरी भयंकर आहे हे मनात जास्तच पक्कं झालं. टाळणं आणि सारखं बघणं या दोन्ही गोष्टी दिसायला उलट्या पण काम एकच करतात, म्हणून चादर काढायला लावली.

आता आरशासमोर नजर कशी फिरते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००५ साली डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र वापरून बघितलं होतं. खाण्याच्या आजाराची लक्षणं असलेल्या बायका स्वतःच्या फोटोत स्वतःला कुरूप वाटणाऱ्या भागांवर जास्त वेळ थांबत होत्या आणि दुसऱ्या बाईच्या फोटोत तिच्या छान भागांवर. बाकीच्या बायकांचं बरोबर उलटं होतं. म्हणजे "मी कशी दिसते" याचं उत्तर नजर कुठे थांबते यावर बरंच ठरतं. आमच्या बाई आरशात जायच्या त्या थेट नाभीच्या खाली. चेहरा, खांदे, हात हे त्या आरशात त्यांना गेल्या वर्षभरात दिसलेच नव्हते म्हटलं तरी चालेल.

तर आरशाचं काम दोन भागांत केलं. एक रोजचा नियम: आरशापाशी जायच्या आधी काम ठरवायचं (केस, साडी, टिकली), एक-दोन पावलं मागे उभं राहायचं म्हणजे पूर्ण शरीर दिसेल, हात पोटावर न्यायचा नाही, काम झालं की निघायचं. साडी एकदाच नेसायची, वाकडी झाली तर वाकडी. दुसरा भाग सेशनमध्ये: उभ्या आरशासमोर डोक्यापासून पायापर्यंत स्वतःचं वर्णन करायचं, असं समजून की फोनवर पलीकडे एक चित्रकार आहे, त्याने तुम्हाला पाहिलेलं नाही आणि त्याला तुमचं चित्र काढायचंय. चित्रकाराला "घाण" सांगून उपयोग नाही, घाण कसं काढणार तो? रंग, आकार, लांबी, कुठे सुरू होतं कुठे संपतं हेच सांगावं लागतं. कपाळापासून सुरुवात, आणि पोटाला इतर अवयवांइतकाच वेळ, कमी नाही नि जास्तही नाही. पहिल्यांदा मानेपर्यंत नीट चाललं, पोटापाशी आल्यावर "आणि मग हे सगळं लोंबतंय" असं आलं. "लोंबतंय म्हणजे चित्रकाराने काय काढायचं?" असं विचारल्यावर बऱ्याच वेळाने आलं ते असं: "नाभीच्या खाली त्वचेची एक आडवी घडी आहे, साधारण दोन बोटं जाड, तिच्याखाली आडवी रेघ आहे, एका वितीपेक्षा कमी, मधे तपकिरी आणि कडेला फिकट, दोन्ही बाजूंना पांढऱ्या चकचकीत रेघा." आवाज कापत होता, पण वाक्य चित्र काढण्यासारखं होतं. हे करताना आधी अस्वस्थता वाढते आणि थोडा वेळ थांबलं की ती आपोआप उतरते, तोपर्यंत आरशासमोरून हलायचं नाही ही यातली मेख आहे. रडू आलं म्हणून मधेच सोडलं तर पुढच्या वेळी भीती जास्त.

हे झालं बघण्याचं. पण नुसतं न्यूट्रल बघता आलं म्हणजे काम संपत नाही, कारण आरशासमोर नसतानाही या बाई स्वतःकडे बाहेरूनच बघत होत्या. अमेरिकेत १९९७ साली फ्रेडरिकसन आणि रॉबर्ट्स या दोघींनी याची नीट मांडणी केली, की बाईला लहानपणापासून बघितलं जातं, जोखलं जातं, त्यामुळे ती हळूहळू स्वतःच्या शरीराची प्रेक्षक होते, शरीर आतून जाणवण्यापेक्षा बाहेरून कसं दिसतंय यावर पहारा ठेवते, आणि त्या पहाऱ्यात लक्ष खर्च होतं. पुढच्याच वर्षी एक प्रयोग झाला त्यात कॉलेजच्या मुलींना एकटीने आरशासमोर स्विमसूट किंवा स्वेटर घालून बघायला दिलं आणि तेवढ्यात गणितं सोडवायला दिली. स्विमसूटवाल्या मुलींची गणितं जास्त चुकली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं बरं का.

आमच्या बाईंचा स्विमसूट म्हणजे फळा. मुलांकडे पाठ किंवा बाजू करून उभं राहिलं की पोट बाजूने दिसणार, म्हणून त्या फळ्याला तिरक्या चिकटून, पदर डाव्या हाताने पुढे ओढून धरून लिहायच्या. परिणाम असा की उजव्या बाजूच्या रांगेतल्या मुलांना अर्धा फळा दिसायचाच नाही आणि बाईंना मधेच आठवायचं नाही की आपण कुठल्या शब्दापर्यंत आलोय. त्या ओळखीच्या सुरात म्हणाल्या, "डिलिव्हरीनंतर माझं डोकंच चालत नाही मॅडम." डोकं व्यवस्थित चालत होतं, ते पदर सांभाळण्यात गुंतलं होतं.

म्हणून पुढचं पाऊल, शरीर काय करतं याकडे लक्ष वळवणं. याची पद्धत नेदरलँड्समधल्याच मास्ट्रिख्ट विद्यापीठात जेसिका अल्लेवा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तपासली होती आणि ती अगदी साधी आहे: साधारण आठवडाभरात तीन वेळा, प्रत्येक वेळी १५ मिनिटं लिहायचं. शरीराची कामं सहा गटांत वाटलेली असतात, हालचाल आणि ताकद, आरोग्य आणि आतल्या प्रक्रिया, इंद्रियं, काहीतरी निर्माण करणं, दुसऱ्यांशी बोलणं-वागणं, आणि स्वतःची काळजी घेणं. प्रत्येक गटात आपलं शरीर काय करतं ते लिहायचं आणि ते मला का महत्त्वाचं आहे ते लिहायचं. हा दुसरा भाग सुटला तर सगळं फुसकं होतं, ते दिसेलच.

बाईंनी पहिल्या वेळी जे आणलं ते वाचून मला हसू आवरेना, कारण तो चौथीच्या परिसर अभ्यासाचा धडाच होता. "माझे डोळे बघतात. माझे कान ऐकतात. पाय मला शाळेत नेतात. पोट अन्न पचवते." सुवाच्य अक्षर, पूर्णविराम जागच्या जागी. आणि मग खाली, शाईचा रंग बदललेली एक ओळ: "माझ्या शरीराने बाळाला जन्म दिला, म्हणजे डॉक्टरांनी काढलं, माझ्याकडून झालं नाही."

इथे केसची खरी गाठ होती. बाळंतिणीला "बघ तुझ्या पोटाने केवढं मोठं काम केलं, एक जीव जन्माला घातला" हे वाक्य सगळे देतात, इन्स्टावर पण तेच, चट्टे म्हणजे वाघिणीचे पट्टे वगैरे. पण जिच्या मनात सिझर म्हणजे नापास झाल्याचा शिक्का आहे तिला हे वाक्य टोचतं, कारण ज्या कामाचं कौतुक चाललंय त्याच कामात आपण कमी पडलो असं तिला वाटतंय. कळा सुरू होऊन रात्र गेली होती, मग बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून सिझर केलं, आणि घरी आल्यावर कुणीतरी (सासूबाई नव्हेत, त्या बिचाऱ्या मदतीलाच होत्या) म्हणून गेलं होतं की आमच्या वेळी घरातच व्हायचं सगळं, आताच्या पोरींना कळा सोसवत नाहीत. शरीराच्या कामाकडे लक्ष वळवायचं म्हणताना काम म्हणजे परीक्षा होऊन बसली की आपण दिसण्याच्या मार्कांवरून करण्याच्या मार्कांवर आलो, एवढंच. जिमला जाणाऱ्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या बाबतीतही हाच खड्डा असतो, धावण्याचा वेळ वाईट आला की शरीर परत शत्रू.

म्हणून बाळंतपण हा विषय लिखाणातून मुद्दाम बाजूला ठेवला आणि दुसऱ्या वेळी अट घातली की बाळाचा उल्लेख नको, तुलना करता येईल असं काही नको, आणि "मला का महत्त्वाचं" हे प्रत्येक ओळीला हवंच. यावेळी आलं ते वेगळं होतं. "वर्गात ३८ पोरं आहेत आणि माईक नाही, तरी माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि ओरडावं लागत नाही. मी कविता म्हणायला लागले की गोंधळ थांबतो. हे मला आवडतं, हे दुसऱ्या कुणाला जमत नाही आमच्या शाळेत." पुढे: "पोराच्या कपाळाला हात लावला की ताप आहे की उन्हातून आलाय ते मला कळतं. शाळेत थर्मामीटर आहे पण त्याचा सेल गेलाय." आणि: "पहिलीतल्या मुलाचा हात धरून अ गिरवते तेव्हा त्याने किती जोर लावलाय ते माझ्या बोटांना कळतं आणि मी तेवढाच लावते." हे वाचताना त्या स्वतः थांबल्या आणि स्वतःच्या बोटांकडे बघायला लागल्या. ह्यात "पोट किती आत आहे" याला जागाच नव्हती, कुणी तो विचार बाहेर काढला नव्हता, त्याच्यासाठी जागा आपोआप उरली नाही.

पोटाकडे परत यायचं होतंच, फक्त आडवाटेने. फिजिओने दिलेल्या श्वासाच्या व्यायामातून ते जमलं: उताणं झोपून हात पोटावर ठेवायचा, चिमटीत धरायला नव्हे, श्वास घेताना पोट वर येतं आणि सोडताना खाली जातं ते हाताला जाणवू द्यायला. वर्षभरात पोटाला हात लावणं म्हणजे फक्त चिमटा किंवा दाबणं होतं, त्यामुळे हे सुरुवातीला फार अवघड गेलं. दुसरं म्हणजे टाक्याबद्दल त्यांची ठाम समजूत होती की पोटाचे मसल आडवे कापलेत, आता ते कधीच जुळणार नाहीत. म्हटलं डॉक्टरांनाच विचारा, प्रश्न कागदावर लिहून न्या. डॉक्टरांनी पाच मिनिटं काढून समजावलं की त्वचा, चरबी, त्याखालचं जाड आवरण हे कापतात, पण उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सरकवतात, मग आतलं पातळ आवरण आणि गर्भाशय, आणि हे सगळं परत बंद करतात. वरच्या जखमेच्या जागी नवीन तंतू महिनोन्महिने घट्ट विणले जातात, मूळ त्वचेइतकी ताकद कधीच येत नाही, पण जवळजवळ ८० टक्क्यांपर्यंत पोचते. तिसऱ्या लिखाणात यावर पानभर होतं आणि त्यातलं एक वाक्य मी परवानगी घेऊन उतरवून ठेवलंय: "मी या रेघेला शिव्या देत होते तेव्हापण ती आपलं भरत होती." हे बाळ जन्माला घातल्याचं कौतुक नाही. त्यात पास-नापास नाही. एक चालू असलेलं काम दिसलं, एवढंच.

लिखाण तीनदाच केलं, वही भरत बसायची नसते. त्यानंतर ते रोजच्या क्षणांत आणायचं. साडी नेसताना "पोत्यासारखं" आलं की त्याच्याशी भांडायचं नाही, "नाही नाही मी छान आहे" असंही म्हणायचं नाही कारण ते स्वतःलाच पटत नाही. आलं, ऐकलं, आणि मग विचारायचं की आत्ता हात काय करतायत? बोटं न बघता निऱ्या घालतायत, एकसारख्या रुंदीच्या. तिकडे लक्ष. परत विचार आला, परत निऱ्या. आणि फळ्यासाठी एक प्रयोग ठरवला: एक अख्खा तास पदर मोकळा सोडून, मुलांकडे पूर्ण पाठ करून, फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लिहायचं. आधी कागदावर अंदाज लिहून घेतला, "किमान चार-पाच मुलं हसतील, एखादं तरी काही बोलेल". लिहिताना लक्ष खडूच्या दाबावर आणि अक्षराच्या उंचीवर. एक मुलगा बोलला खरं. म्हणाला, "बाई, वेलांटी पुसट झालीय." बस.

नवऱ्याला एकदा बोलावलं. चांगला माणूस, त्याची अडचण अशी की रोज "मी जाड दिसते का हो?" या प्रश्नाला तो रोज "नाही गं, मस्त दिसतेस" म्हणायचा, आणि त्याचा असर दहा मिनिटं टिकायचा, मग परत प्रश्न. आश्वासन हेसुद्धा एक प्रकारचं आरशात बघणंच झालं, फक्त आरसा माणसाचा. त्याला सांगितलं की उत्तर देऊ नका, "हा प्रश्न परत आला ना, चल बाळाला घेऊन खाली चक्कर मारू" एवढंच म्हणा. आधी दोन-चार दिवस घरात धुसफूस झाली, हे अपेक्षितच होतं, तसं आधी दोघांनाही सांगून ठेवलेलं.

घसरण झाली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आत्येसासू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, पोट अजून तेवढंच? का दुसऱ्याची तयारी?" आणि बायका हसल्या. त्या रात्री दार लावून पाऊण तास आरसा, चिमटे, फोटो, दुसऱ्या दिवशी चपाती बंद. यावर "लोकांकडे लक्ष देऊ नका" हा सल्ला कुचकामी आहे कारण आत्येसासू पुढच्या रथसप्तमीला परत भेटणारच. दोन गोष्टी केल्या. उत्तर तयार केलं आणि ते मोठ्याने म्हणून बघितलं: "सिझरनंतर वेळ लागतो आत्या, फिजिओ चालू आहे. तिळगूळ घेतला ना?" सूर तक्रारीचा नाही, चिडका नाही, विषय तिथेच बंद. आणि घरी आल्यानंतरचा तास आधीच बांधून टाकला, कारण आरसा त्या तासातच ओढतो: आल्या आल्या साडी बदलायची ती आरशाकडे पाठ करून, मग बाळाची आंघोळ आणि तेल. तेल लावताना हाताला काम असतं आणि बाळ हलत असतं, दुसरीकडे लक्ष जायला वावच नाही.

आता कुठे हे चालत नाही ते. दिसण्यातल्या एखाद्या दोषाचा विचार दिवसातला तासभर किंवा जास्त खातोय आणि तो दोष दुसऱ्यांना दिसतच नाही किंवा अगदी किरकोळ दिसतो, असं असेल तर ते बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असू शकतं, त्याला वेगळे, जास्त काळाचे उपचार आणि कधी औषधं लागतात, तीन वेळा लिहून ते जात नाही. उपाशी राहणं, उलट्या काढणं, पाळी बंद होणं, चक्कर येणं हे दिसलं तर आधी डॉक्टर. मरावंसं वाटत असेल तर थांबायचंच नाही, टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. दुखणाऱ्या, आजारी शरीराला ही पद्धत लागू नाही असं मात्र नाही, संधिवात असलेल्या बायकांबरोबरही ती तपासून झाली आहे, फक्त तिथे "काय जमत नाही" ही यादी आधीच पाठ असते म्हणून "आज काय झालं" एवढ्यापुरतंच लिहायला सांगावं लागतं. आणि या लिखाणाचा परिणाम मध्यम असतो, चमत्कार नव्हे, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

आमच्या बाईंचं म्हणाल तर वजन जवळपास तेवढंच आहे, ते आमचं टार्गेटही नव्हतं. रात्रीची चपाती परत सुरू झाली. साडी बहुतेक दिवस एकदाच नेसून होते, "पोत्यासारखं" हे वाक्य येतं पण ते ऐकून त्या बाहेर पडतात. फोटोचं मात्र अजून अडलंय. आरशात शरीर हलत असतं, काहीतरी करत असतं, फोटोत ते गोठलेलं असतं आणि आत्ता काय करतंय हे विचारायला जागा नसते, म्हणून हा भाग नेहमीच मागे राहतो. स्नेहसंमेलनाचा ग्रुप फोटो येतोय, त्यात या वेळी मागच्या रांगेत लपायचं नाही असं ठरलंय. फोटो आला की लगेच झूम करायचा नाही, एक दिवस जाऊ द्यायचा, मग आधी त्यात कोण कोण आहे, कुणी डोळे मिटलेत, तेव्हा कोण काय बोललं होतं हे सांगायचं, आणि स्वतःपाशी यायचं ते सगळ्यात शेवटी, चित्रकाराला सांगतो तसं.